खोट्या सहीचा चेक: बँक–खातेदार नात्याच्या कायद्याचा आढावा

बँकिंग कायद्याच्या तोंडी परीक्षेत तीन प्रश्न हटकून येतात. बँक आणि खातेदार यांचे नाते कोणते? खातेदाराची माहिती गुप्त ठेवण्याचे बँकेवर किती बंधन आहे? आणि खोट्या सहीच्या चेकवर बँकेने पैसे दिले तर नुकसान कोणाचे? बहुतेक विद्यार्थी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे पाठ करतात. पहिल्याला ‘ऋणको–धनको’, दुसऱ्याला चार अपवाद, तिसऱ्याला ‘बँक जबाबदार’. परीक्षकाने ‘का?’ विचारले की मात्र गाडी अडते, कारण तिन्ही उत्तरांमागचा करार एकच आहे हे लक्षात आलेले नसते.

त्या करारापासून सुरुवात करून हे तिन्ही प्रश्न आज कुठे उभे आहेत ते या लेखात पाहू. भर खोट्या सहीच्या चेकवर राहील. नाते काय आहे याची खरी कसोटी तिथे लागते, आणि कायद्याने अजून न सोडवलेले प्रश्नही तिथेच जास्त आहेत.

पार्श्वभूमी: पैसे कोणाचे?

1848 साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने एक गोष्ट पक्की केली. खातेदाराने बँकेत पैसे भरले की ते पैसे बँकेचे होतात. बँक ते कुठेही गुंतवू शकते आणि त्यावर मिळालेल्या नफ्याचा हिशेब तिला खातेदाराला द्यावा लागत नाही. त्या बदल्यात तेवढ्या रकमेचे देणे तिच्या डोक्यावर येते. म्हणजे बँक विश्वस्त नाही, ऋणको आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये शांतिप्रसाद जैन यांच्या प्रकरणात बँकेतल्या ठेवीबाबत हेच तत्त्व मानले.

पण बँक हा साधा ऋणको नव्हे. साध्या देणेकऱ्याने मुदत भरली की सावकाराला गाठून पैसे परत करायचे असतात. बँकेने असे दारोदार फिरणे अपेक्षित नाही. 1921 च्या जोआकिमसन विरुद्ध स्विस बँक कॉर्पोरेशन या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की खातेदाराने मागणी केल्याशिवाय बँकेचे देणे देय होत नाही. मागणीच केलेली नव्हती, म्हणून तो दावा टिकला नाही. आपल्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद 22 मध्ये हाच विचार आहे. मागताक्षणी द्यायच्या ठेवीची तीन वर्षांची मुदत ठेवीच्या तारखेपासून मोजत नाहीत, मागणीच्या तारखेपासून मोजतात.

जोआकिमसनमध्ये न्यायमूर्ती ॲटकिन यांनी या कराराच्या अटी एकत्र मांडल्या, आणि पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया त्यांतच आहे. बँक पैसे स्वीकारते, ते उसने घेते आणि खातेदाराच्या लेखी आदेशानुसार परत करण्याचे कबूल करते. खातेदारही एक गोष्ट कबूल करतो: लेखी आदेश देताना बँकेची दिशाभूल होणार नाही किंवा खोटेपणाला वाव मिळणार नाही, एवढी काळजी तो घेईल. चेक हा तो लेखी आदेश. खात्यात शिल्लक असताना बँकेने योग्य चेक परत पाठवला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे तिला चेक काढणाऱ्याची भरपाई करावी लागते. आदेश पाळणे बँकेवर इतके बंधनकारक आहे. उलट बाजूने पाहिले, तर आदेशच नसताना खात्याला हात लावण्याचा तिला काहीही अधिकार नाही.

ऋणको–धनको हे मूळ नाते झाले. व्यवहार बदलला की त्यावर दुसरी नाती चढतात. दुसऱ्या बँकेचा चेक वसुलीला दिला तर आपली बँक आपली अभिकर्ता होते. सोने तारण ठेवले तर ती तारणधारक होते. लॉकरबाबत बरीच वर्षे अनिश्चितता होती. 2021 मध्ये अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला नियम करायला सांगितले. त्यानुसार जानेवारी 2022 पासून आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीसारख्या प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरली. तोंडी परीक्षेत ‘नाते कोणते?’ असे विचारले, तर आधी ‘कोणत्या व्यवहारात?’ हे ठरवावे आणि मग उत्तर द्यावे.

गोपनीयता: बंधन आणि त्याचे अपवाद

बँक ऋणको असेल तर ती खातेदाराची माहिती गुप्त का ठेवते? आपण कोणाचे किती देणे लागतो हे सांगायला साध्या देणेकऱ्याला कोणी मनाई करत नाही. या प्रश्नाचे उत्तर 1924 च्या टूर्निए विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल अँड युनियन बँक या खटल्यात मिळते.

टूर्निए हे एका कंपनीत विक्रेते म्हणून कामाला होते. त्यांच्या खात्यावर नऊ पौंडांहून थोडी जास्त उचल झाली होती आणि ती आठवड्याला एक पौंड याप्रमाणे फेडायचे ठरले होते. हप्ते थांबले. त्याच सुमारास बँकेच्या दुसऱ्या एका खातेदाराने टूर्निए यांच्या नावे काढलेला चेक त्यांच्या खात्यात न येता पृष्ठांकन होऊन तिसऱ्याच्या खात्यात गेला. शाखा व्यवस्थापकाने चौकशी केली तेव्हा तो तिसरा माणूस शर्यतींवर पैजा घेणारा निघाला. पत्ता विचारायचा म्हणून व्यवस्थापकाने टूर्निए यांच्या मालकांना फोन केला. बोलण्याच्या ओघात उचल थकल्याचे आणि पैजांचेही त्याने सांगून टाकले. टूर्निए यांच्या नोकरीचे नूतनीकरण झाले नाही. अपील न्यायालयाने बँकेच्या बाजूचा निकाल रद्द केला आणि फेरसुनावणीचा आदेश दिला.

गोपनीयता ही करारात गृहीत असलेली अट आहे, केवळ शिष्टाचार नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. न्यायमूर्ती बँक्स यांनी चार अपवाद सांगितले: कायद्याची सक्ती, जनतेप्रती कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित, आणि खातेदाराची स्पष्ट किंवा गर्भित संमती. विद्यार्थ्याला हे चार मुद्दे पाठ असतात. पण त्याच निकालातला मतभेद सहसा नजरेतून सुटतो. पैजांची माहिती टूर्निए यांच्या स्वतःच्या खात्यातून आलेली नव्हती, ती दुसऱ्याच्या चेकवरून कळली होती. बँक्स आणि ॲटकिन यांच्या मते नात्याच्या ओघात कळलेली अशी माहितीही गुप्तच ठेवायला हवी. न्यायमूर्ती स्क्रटन यांना बंधनाचा एवढा विस्तार मान्य नव्हता. बहुमत पहिल्या बाजूचे होते, आणि आज तेच प्रमाण मानले जाते.

भारतात या कराराला कायद्याचाही आधार आहे. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी 1970 च्या अधिनियमाचे कलम 13 आणि स्टेट बँकेसाठी 1955 च्या अधिनियमाचे कलम 44 निष्ठा व गुप्ततेचे बंधन घालते. कायद्याच्या सक्तीचा अपवाद मात्र सतत रुंदावत गेला आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती कळवावी लागते. संशयास्पद व्यवहार कळवल्याचे खातेदाराला सांगताही येत नाही. क्रेडिट माहिती कंपन्यांना 2005 च्या कायद्याखाली कर्जदाराचा तपशील जातो.

या अपवादालाही मर्यादा आहे. जिल्हा निबंधक, हैदराबाद विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात आंध्र प्रदेशातल्या मुद्रांक कायद्याच्या दुरुस्तीने बँकेत शिरून कागद तपासण्याचा आणि ताब्यात घेण्याचा मोकळा अधिकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कागद बँकेकडे गेले म्हणून त्यांवरचा खातेदाराचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली होती, ती इथे नाकारली गेली. पुढे 2017 मध्ये खासगीपणाच्या मूलभूत हक्कावरील पुट्टस्वामी निकालाने या विचाराला घटनापीठाचे बळ दिले.

इथे दोन प्रश्न अजून धुमसत आहेत. पहिला थकबाकीदारांची छायाचित्रे छापण्याचा. मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बँकेला तशी मुभा दिली. नंतर कलकत्ता उच्च न्यायालयाने कायद्यात अशा छपाईची तरतूदच नाही, या मुद्द्यावर आडकाठी घेतली. ‘बँकेचे स्वतःचे हित’ हा अपवाद वसुलीसाठी किती ताणायचा, हा त्यामागचा वाद आहे. दुसरा प्रश्न माहितीच्या अधिकाराचा. जयंतीलाल मिस्त्री प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये ठरवले की रिझर्व्ह बँक आणि इतर बँका यांच्यात विश्वासाश्रित नाते नाही, त्यामुळे तपासणी अहवाल जनतेला द्यावे लागतील. बँकांनी पुन्हा न्यायालयात धाव घेतली, आणि 2022 मध्ये त्यांच्या याचिका ऐकण्याजोग्या असल्याचे मान्य झाले. पुट्टस्वामी निकालानंतर खातेदाराचा खासगीपणा आणि जनतेचा हक्क यांचा तोल कसा साधायचा, हे त्या वादाच्या मुळाशी आहे.

खोट्या सहीचा चेक: एक प्रकरण जवळून

आता तिसरा प्रश्न. सही खोटी असेल तर खातेदाराने आदेश दिलेलाच नाही. आदेश नाही तर बँकेने दिले ते स्वतःचे पैसे दिले, खातेदाराचे नव्हे. खातेदाराचे येणे जसेच्या तसे उभे राहते. सही हुबेहूब होती, कारकुनाने नमुना सहीशी नीट ताडून पाहिली होती, हे मुद्दे इथे कामाचे नाहीत. बँकेचा निष्काळजीपणा शाबित करण्याची खातेदाराला गरजच पडत नाही.

हे तत्त्व भारतात ज्या निकालाने पक्के झाले तो 1987 चा कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन. कंपनीचे बँकेत चालू खाते होते आणि चेकवर व्यवस्थापकीय संचालकांची सही लागत असे. कंपनीचा हिशेबनीस चेकबुक सांभाळत होता. हिशेबाच्या वह्या आणि बँकेशी व्यवहारही त्याच्याच हाती होते. 1957 ते 1961 या काळात त्याने संचालकांची खोटी सही करून 42 चेक वटवले. रक्कम 3,26,047 रुपये 92 पैसे. 1961 मध्ये दुसऱ्या माणसाने वह्या पाहिल्या तेव्हा प्रकार उघड झाला, आणि कंपनीने बँकेवर दावा लावला.

बँकेचा बचाव ऐकताना पटण्यासारखा वाटतो. चार वर्षे खात्याचे उतारे कंपनीकडे जात होते. त्यांत प्रत्येक चेकची नोंद होती. कंपनीचे लेखापरीक्षण होत होते. कोणीही हरकत घेतली नाही. स्वतःच्या नोकरावर नजर न ठेवणाऱ्या कंपनीचा भुर्दंड बँकेने का सोसायचा?

सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव नाकारला. चेकवर खरी सही असेल तरच बँकेला आदेश मिळतो आणि सही खोटी असेल तर आदेशच नाही, या मूळ मुद्द्यावर न्यायालय ठाम राहिले. खातेदाराने उतारा पाहिला नाही एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. बँकेला सुटायचे असेल तर खातेदाराने तो व्यवहार स्वीकारला, नंतर मान्य केला, किंवा आपल्या वागण्याने बँकेला भरवसा देऊन नंतर शब्द फिरवण्याचा हक्क गमावला, यांपैकी काही तरी तिने शाबित करावे लागते. शेवटच्या मुद्द्याला वकील एस्टॉपेल म्हणतात. नुसता बेसावधपणा म्हणजे एस्टॉपेल नव्हे. बेसावधपणाचा संबंध थेट त्या चेकच्या व्यवहाराशी असायला हवा.

याच्या आधी, 1967 साली छापल्या गेलेल्या बिहटा सहकारी संघ विरुद्ध बँक ऑफ बिहार या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर दोन सह्यांचा चेक होता. एक सही खरी आणि एक खोटी. दोन्ही सह्या लागतात असे ठरले असताना एक खोटी असेल तर आदेश अपुरा नसतो, तो मुळी नसतोच, असे न्यायालयाने म्हटले. सहकारी संस्थांची, गृहनिर्माण सोसायट्यांची आणि ट्रस्टची खाती आपल्याकडे बहुधा संयुक्त सह्यांवरच चालतात, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तथ्ये बदलली की उत्तर बदलते

चांगला परीक्षक कॅनरा सेल्सचे उत्तर ऐकून घेतो आणि एकेक तथ्य बदलत जातो. कायदा कुठे वळतो ते इथेच दिसते.

समजा सही खरी आहे, पण रक्कम वाढवली गेली. लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन या 1918 च्या प्रकरणात कारकुनाने मालकापुढे बेअरर चेक ठेवला. आकड्यात फक्त 2 पौंड लिहिलेले होते, दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती, आणि अक्षरी रकमेची ओळ कोरी होती. मालकाने सही केली. कारकुनाने 2 च्या आधी 1 आणि नंतर 0 घातला, अक्षरांत एकशे वीस पौंड लिहिले आणि पैसे उचलले. नुकसान मालकाच्या अंगावर पडले. चेक लिहिताना काळजी घेण्याचे खातेदाराचे कर्तव्य त्याने मोडले होते. जोआकिमसनमधली दुसरी अट ती हीच.

आता समजा खातेदाराने चेक नीट लिहिला, पण रसायनाने मजकूर पुसून रक्कम बदलली गेली. इथे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 89 लागू होते. बदल वरकरणी दिसत नसेल, आणि बँकेने सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता पैसे दिले असतील, तर ती सुटते. बँक ऑफ महाराष्ट्र विरुद्ध ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग या 1993 च्या निकालात प्रश्न होता अतिनील दिव्याचा. चेक त्या दिव्याखाली पाहिला असता तर खाडाखोड उघडी पडली असती, म्हणून दिवा न वापरणे हाच निष्काळजीपणा, असे खातेदाराचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. संशय घेण्याजोगे काही दिसत नसताना दिवा न वापरणे म्हणजे निष्काळजीपणा ठरत नाही.

तिसरा बदल. चेक काढणाऱ्याची सही खरी, पण ज्याच्या नावे चेक काढला त्याचे मागचे पृष्ठांकन खोटे. इथे कलम 85 बँकेला संरक्षण देते. ऑर्डर चेकवर ते पृष्ठांकन आदात्याचे दिसत असेल आणि पैसे योग्य रीतीने दिले असतील तर बँक मोकळी होते. याचे कारण सरळ आहे. खातेदाराची नमुना सही बँकेकडे असते, अनोळखी आदात्याची नसते. कलम 85 आणि 89 यांचे संरक्षण खातेदाराच्याच खोट्या सहीला लागू पडत नाही. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त घोटाळा नेमका याच ठिकाणी होतो.

चौथा बदल मौनाचा. ग्रीनवुड विरुद्ध मार्टिन्स बँक या 1933 साली छापल्या गेलेल्या निकालात पत्नीने पतीच्या खोट्या सह्या केल्या होत्या. पतीला ते कळले, पण पत्नीच्या सांगण्यावरून तो कित्येक महिने गप्प राहिला. शेवटी बँकेला सांगतो म्हणाल्यावर पत्नीने आत्महत्या केली, आणि पतीने बँकेवर दावा केला. तो हरला. त्याने वेळेत सांगितले असते तर बँकेला पत्नीविरुद्ध कारवाई करता आली असती. त्याच्या मौनामुळे ती संधी गेली. खोटी सही कळली की लगेच कळवणे हे खातेदाराचे दुसरे कर्तव्य. बाकी इंग्लिश आणि भारतीय कायदा त्याच्याकडून फारसे काही मागत नाही.

उतारा तपासण्याचे कर्तव्य: दोन बाजू

खातेदाराने पासबुक किंवा उतारा तपासावा का, यावर जगभर खरा मतभेद आहे.

एका बाजूला इंग्लिश परंपरा. 1985 मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर हाँगकाँगहून ताय हिंग कॉटन मिल विरुद्ध लिऊ चाँग हिंग बँक हे प्रकरण आले. कारकुनाने सुमारे तीनशे चेकवर खोट्या सह्या करून जवळपास 55 लाख हाँगकाँग डॉलर काढले होते. तरीही निकाल असा लागला की उतारा तपासण्याचे कर्तव्य खातेदारावर आपोआप येत नाही. बँकेला ते हवे असेल तर खातेदाराला स्पष्ट कळेल अशा शब्दांत करारात लिहावे लागेल. कॅनरा सेल्सचा निकाल याच वाटेने जातो. या भूमिकेमागचा युक्तिवाद असा: नुकसान सोसण्याची, ते अनेक खात्यांवर पसरवण्याची, विमा उतरवण्याची आणि सही तपासण्याची यंत्रणा उभारण्याची ताकद बँकेकडे आहे.

दुसऱ्या बाजूला अमेरिका. तिथल्या एकसमान व्यापारी संहितेच्या 4-406 या कलमाप्रमाणे खातेदाराने उतारा वाजवी तत्परतेने पाहून खोटी सही कळवायला हवी. तो थांबला, आणि त्याच माणसाने पुढेही खोट्या सह्या केल्या, तर नंतरचे नुकसान त्याच्यावर येऊ शकते. एक वर्षानंतर तर खोट्या सहीची तक्रार करण्याचा हक्कच संपतो. यामागचा युक्तिवादही वजनदार आहे. पहिला खोटा चेक बँकेला कळणे अवघड असते. पण उतारा पाहणाऱ्याला तो पहिल्याच महिन्यात दिसतो आणि पुढचे एक्केचाळीस थांबतात.

आज काय बदलले

कायदा कागदाच्या चेकभोवती घडला, व्यवहार मात्र पुढे सरकला. आता चेक प्रत्यक्ष प्रवास करत नाही, त्याची प्रतिमा जाते. पैसे देणारी बँक सही पडद्यावर ताडते. कागदाचा पोत, खाडाखोड, जलचिन्ह पाहण्याचे काम चेक स्वीकारणाऱ्या बँकेकडे गेले आहे. 2002 च्या दुरुस्तीने कलम 131 ला जोडलेल्या स्पष्टीकरणात ही काळजी वसुली करणाऱ्या बँकेवर टाकली आहे. ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंग दिवसभर सलग चालते, आणि ठरलेल्या वेळेत उत्तर न आलेला चेक मंजूर धरला जातो. सही ताडायला मिळणारा वेळ त्यामुळे कमी झाला.

दुसरीकडे, निष्काळजीपणा मोजण्याची पट्टी वर गेली आहे. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये दोन लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली पाहण्याची आणि पाच लाखांवरचे चेक एकापेक्षा जास्त पातळ्यांवर तपासण्याची सूचना बँकांना केली. त्यामुळे 1993 च्या दिव्याच्या निकालाचा आधार आज तितक्या सहज घेता येणार नाही. जानेवारी 2021 पासून ‘पॉझिटिव्ह पे’ आले. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकचा तपशील खातेदार आधीच बँकेला कळवू शकतो. पाच लाख आणि त्यावरच्या चेकसाठी बँक ते सक्तीचे करू शकते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न दोन मापांचा. ऑनलाइन फसवणुकीसाठी रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये नियम आणला. चूक ना बँकेची ना खातेदाराची, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर खातेदाराला काही सोसावे लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत सोसावे लागते. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. म्हणजे त्याच खात्यात, त्याच बँकेत, खोट्या चेकबद्दल चार वर्षांनी दाद मागता येते, पण ऑनलाइन चोरीत दिवस मोजावे लागतात. हा फरक टिकावा का, यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झालेली नाही.

दुसरा प्रश्न संदेशांचा. ताय हिंग आणि कॅनरा सेल्सच्या काळात उतारा टपालाने यायचा आणि बेइमान कारकून तो मधल्यामध्ये दाबू शकायचा. आज पैसे वजा होताच खातेदाराच्या मोबाइलवर संदेश येतो. तो पाहूनही गप्प राहिला तर ते ग्रीनवुडचे मौन ठरेल का? संदेश पाहिलाच नाही तर? ‘कळले’ आणि ‘कळू शकले असते’ यांतली रेषा न्यायालयांनी अजून आखायची आहे.

तिसरा, पॉझिटिव्ह पे न वापरणाऱ्या खातेदाराचा. चेक लिहिताना काळजी घेण्याच्या कर्तव्यात आता आधी तपशील कळवणेही धरायचे का? सोय उपलब्ध असणे आणि ती न वापरणे म्हणजे कर्तव्यभंग, या दोन गोष्टी एक नाहीत. पण बँका तसा युक्तिवाद करतील हे उघड आहे.

चौथा प्रश्न दाद कुठे मागायची याचा. खातेदाराला ग्राहक आयोग स्वस्त पडतो. पण 2023 मध्ये सिटी युनियन बँक विरुद्ध आर. चंद्रमोहन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फसवणुकीचे आणि गुंतागुंतीच्या तथ्यांचे वाद आयोगाच्या संक्षिप्त पद्धतीत सोडवता येत नाहीत. सही खोटी आहे हेच बँक नाकारत असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञ आणि उलटतपासणी लागते, आणि मग दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो.

निष्कर्ष

मूळ तत्त्वाबद्दल आज संदिग्धता नाही. बँक देणेकरी आहे, देणे आदेशावर फेडायचे आहे, खोटी सही हा आदेश नाही, आणि खातेदाराचे येणे शाबूत राहते. गोपनीयतेचे बंधनही याच करारातून निघते, आणि त्याचे अपवाद कायद्याने वाढवले असले तरी घटनेने त्यांना चौकट घातली आहे. वाद उरला आहे तो खातेदाराकडून किती जागरूकता मागायची याचा. माझ्या मते कॅनरा सेल्सचा नियम संस्थेच्या आकाराकडे न पाहता सरसकट चालवण्याचे दिवस सरत आले आहेत. स्वतंत्र हिशेब विभाग असलेल्या कंपनीकडून उतारा तपासण्याची अपेक्षा रास्त आहे. पेन्शनवर जगणाऱ्या खातेदाराला मात्र जुने पूर्ण संरक्षण राहायला हवे. हा फरक न्यायालयांनी निकालागणिक शोधण्यापेक्षा विधिमंडळाने किंवा रिझर्व्ह बँकेने लिहून काढणे बरे.

परीक्षेला बसणाऱ्यांना शेवटी एवढेच सांगणे. खोट्या चेकचा प्रश्न आला की कलमांकडे धावण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा: खोटे नेमके काय आहे? चेक काढणाऱ्याची सही, रक्कम, की मागचे पृष्ठांकन? ते ठरले की निम्मे उत्तर तयार होते. मग खातेदाराने चेक कसा लिहिला आणि कळल्यावर काय केले ते पाहा. उरलेले निम्मे उत्तर त्यात आहे.